उंच इमारतीत पीआरव्ही कशाला, आणि तो सेट कसा करायचा

प्रश्न: आमची तळमजला धरून २० मजल्यांची इमारत आहे. पाणी गच्चीवरच्या टाकीतून खाली उतरतं. खालच्या मजल्यांवर प्रेशर फार आहे, नळ फवारतात, फ्लश टँक गळतात. प्लंबर पीआरव्ही, म्हणजे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह, बसवा म्हणतो. त्यापेक्षा लाइनवरचा गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवला तर चालणार नाही का? आणि पीआरव्ही बसवलाच तर तो सेट कसा करतात?

उत्तर:

नाही चालणार. का नाही, हे एका प्रेशर गेजवर पाच मिनिटांत दिसतं, म्हणून खर्चाचं बोलण्याआधी तेवढं करून बघा. रात्री उशिरा, पाण्याचा वापर जवळजवळ थांबलेला असताना, तळमजल्याच्या एखाद्या नळाच्या जागी गेज लावा. लाइनवरचा गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद करा. त्याच लाइनवरचा दुसरा एखादा नळ पूर्ण उघडला की काटा झपकन खाली येईल आणि वाटेल, झालं काम. आता तो नळ बंद करा. काटा चढत चढत पुन्हा होता तिथे येऊन उभा राहील.

अर्धा बंद केलेला व्हॉल्व्ह फक्त वाहत्या पाण्याला अडवतो. पाणी उभं राहिलं की त्या व्हॉल्व्हच्या अलीकडचं आणि पलीकडचं प्रेशर एकच होतं, मग तो पाव उघडा असो की केसभर. तुमच्या फ्लश टँकचे व्हॉल्व्ह, वॉशिंग मशीनचे होज आणि गीझरचे जोड यांना त्रास होतो तो नळ बंद असतानाच्या प्रेशरचा, म्हणजे दिवसाच्या २४ तासांपैकी बहुतेक वेळचा. सकाळी सगळे एकदम पाणी वापरतात तेव्हा मात्र तोच अर्धा व्हॉल्व्ह नको इतकं अडवतो आणि लोक पाणी येत नाही म्हणून तक्रार करतात. म्हणजे नको तेव्हा अडवणार आणि हवं तेव्हा सोडून देणार. शिवाय गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवायलाच बनवलेला असतो. अर्धवट ठेवला की आतलं गेट थरथरतं, सीट झिजते, आणि पुढे कधी दुरुस्तीसाठी पाणी पूर्ण बंद करायची वेळ आली की तो बंदच होत नाही.

आता हे प्रेशर येतं किती? १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे जवळजवळ १ बार. टाकी केवढी आहे, पाइप जाड आहे की बारीक, याचा उभ्या पाण्याच्या प्रेशरशी काही संबंध नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापासून किती वर आहे एवढंच मोजायचं. तुमच्या इमारतीचा मजला ३ मीटरचा धरू, टाकीतलं पाणी तळमजल्याच्या फरशीपासून ६४ मीटरवर आणि नळ फरशीपासून १ मीटरवर. म्हणजे तळमजल्याच्या नळावर ६३ मीटर, ६.३ बार. दर मजल्याला ०.३ बार कमी होत जाईल. चौथ्या मजल्यावर ५.१, नवव्यावर ३.६, दहाव्यावर ३.३, सोळाव्यावर १.५. सगळ्यात वरच्या, म्हणजे एकोणिसाव्या मजल्याला जेमतेम ०.६ बार. त्यामुळे वरच्या दोन-तीन मजल्यांना बूस्टर पंप लागतो आणि त्याच इमारतीत खालच्यांना पीआरव्ही. ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन्ही दुखणी त्या एका उंचीचीच आहेत.

घरातल्या नळांना आणि शॉवरला १.५ ते ३.५ बार मानवतं. ६.३ बार म्हणजे ३ बारच्या दुपटीहून थोडं जास्त, पण नळातून पडणारं पाणी दुप्पट होत नाही. ते प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे साधारण दीडपट. हात धुवायच्या तेवढ्याच वेळात दीडपट पाणी जातं आणि त्यातलं बरंच शर्टावर उडतं. ते एक वेळ चालवून घेता येईल. चालवून घेण्यासारखा नसतो तो धक्का. पाइपातलं पाणी वेगात असताना वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह खट्‌कन बंद झाला की ते पाणी जागच्या जागी आपटतं. धातूच्या पाइपात सेकंदाला १ मीटर वेग एकदम थांबला तर क्षणभरासाठी सुमारे १२ बारची उसळी येते, प्लास्टिकच्या पाइपात त्याहून बरीच कमी. ही उसळी लाइनमध्ये आधीच असलेल्या प्रेशरवर चढते. म्हणून खालच्या मजल्यांवर भिंतीत ठक्‌ ठक्‌ ऐकू येतं आणि होज फुटतात तेही बहुधा खालीच.

पीआरव्ही गेट व्हॉल्व्हपेक्षा वेगळा आहे तो एवढ्याचसाठी, की तो पुढच्या बाजूचं प्रेशर बघून स्वतः बंद होतो. वरच्या टोपीत एक स्प्रिंग असते, ती व्हॉल्व्ह उघडायला बघते. खाली रबरी डायफ्राम असतो, त्याच्यावर पुढच्या लाइनचं प्रेशर दाबतं आणि व्हॉल्व्ह मिटायला बघतं. नळ उघडला की पुढचं प्रेशर उतरतं, स्प्रिंग जिंकते, पाणी येतं. नळ बंद केला की पुढचं प्रेशर चढतं, स्प्रिंगच्या जोराइतकं झालं की सीट मिटते आणि ते तिथेच थांबतं. मागे ५ बार असोत की ६, पुढे १.८ म्हणजे साधारण १.८. वरचा स्क्रू फिरवून आपण त्या स्प्रिंगचा जोर ठरवतो, बाकी काही नाही. मोठ्या व्यासाच्या लाइनवर पायलटवाले व्हॉल्व्ह असतात, तिथे हेच काम बाजूचा छोटा पायलट करतो आणि स्क्रूही त्याच्यावरच असतो.

सेटिंग किती ठेवायचं, हे स्क्रूला हात लावण्याआधी कागदावर ठरतं, आणि खरी चूक तिथेच होते. तळमजला ते नववा मजला असे १० मजले एकाच पीआरव्हीवर घ्यायचे असं कुणी म्हटलं तर हिशेब करून बघा. पीआरव्ही नवव्या मजल्याच्या डक्टमध्ये बसवला आणि १.५ बारवर सेट केला, तर त्याच्या खाली ९ मजले आहेत, म्हणजे तळमजल्याला २.७ बार आणखी मिळून ४.२ होणार. ते ३.५ वर आणायला सेटिंग ०.८ केलं तर नवव्या मजल्याचा शॉवर रडणार. म्हणून एका पीआरव्हीखाली पाच-सहा मजले घ्यावेत, सात झाले तरी ओढूनताणून. तुमच्याकडे दोन झोन करा. पाचवा ते नववा एक झोन, पीआरव्ही नवव्यावर, सेटिंग १.८ बार, पाचव्या मजल्याला ३.० मिळेल. तळमजला ते चौथा दुसरा झोन, पीआरव्ही चौथ्यावर, सेटिंग तेच १.८, तळमजल्याला ३.० बार. दहाव्यापासून वर पीआरव्ही लागत नाही.

दोन्ही झोनना टाकीपासून वेगवेगळी उतरती लाइन असेल तर उत्तम. एकाच लाइनवर एकाखाली एक असे पीआरव्ही लावले तर वरचा बिघडल्यावर त्याचा त्रास खालच्यापर्यंत जातो, आणि खालच्याला मागून नेमकं किती प्रेशर मिळतंय हे वरच्याच्या मर्जीवर राहतं.

आणखी एक. मी सगळे आकडे पीआरव्ही झोनच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, नळाच्याच उंचीला आहे असं धरून दिलेत. काही ठिकाणी देखभालीला सोपं म्हणून पीआरव्ही खाली तळमजल्यावर बसवतात आणि तिथून लाइन वर चढवतात. तिथे सेटिंग १.८ ठेवलं तर चौथ्या मजल्याला ०.६ बार जाईल. अशा ठिकाणी चार मजल्यांचे १.२ बार मिळवून सेटिंग ३.० ठेवायचं. दुसऱ्या इमारतीत इतकं आहे म्हणून आपल्याकडेही तितकंच, असं कधी करू नका.

मागचं आणि पुढचं प्रेशर यांचं प्रमाणही बघावं लागतं. चौथ्या मजल्यावर ५.१ चे १.८ म्हणजे तिनास एकच्या आत, ठीक आहे. त्याच्या बरंच पुढे गेलात तर सीटपाशी पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात, व्हॉल्व्हमधून खडे हलल्यासारखा आवाज येतो आणि सीट खरवडली जाते. तितकं कमी करायचं असेल तर दोन टप्प्यांत करावं.

व्हॉल्व्हचा साइज पाइप बघून घेऊ नका, किती पाणी जाणार ते बघून घ्या. पाइपाएवढा म्हणून मोठा पीआरव्ही आणला की रात्री एखाददुसरा नळ चालू असताना तो केसभरच उघडतो, तेवढ्या फटीतून पाणी जोरात जाऊन सीट कापली जाते आणि व्हॉल्व्ह फडफडतो. मोठ्या झोनला एक मोठा आणि त्याला समांतर एक छोटा असे दोन लावतात. छोट्याचं सेटिंग ०.२ ते ०.३ बारने जास्त ठेवलं की थोडं पाणी लागतं तेव्हा तोच उघडतो, आणि मोठा सकाळच्या गर्दीपुरता जागा होतो.

आता प्रत्यक्ष सेटिंग. वरून खाली क्रम असा असायला हवा: आयसोलेशन व्हॉल्व्ह, स्ट्रेनर, मागचं गेज, पीआरव्ही, पुढचं गेज, दुसरा आयसोलेशन व्हॉल्व्ह. या सगळ्याला वळसा घालून बायपास. पुढचं गेज दुसऱ्या आयसोलेशन व्हॉल्व्हच्या आधी, म्हणजे पीआरव्ही आणि त्या व्हॉल्व्हच्या मध्येच हवं, आणि तिथे एक छोटा ड्रेन कॉक हवा. तो का, ते पुढे येतंच. गेज बदलून घ्यायला कंजूषी करू नका. प्रेशर सोडल्यावर ज्याचा काटा शून्यावर येत नाही अशा गेजवर मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

आधी स्ट्रेनर उघडून साफ करा. नव्या लाइनमध्ये तर पीआरव्ही लावण्याआधीच पाणी सोडून लाइन धुवून घ्या. पाइप कापल्याचा चुरा आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे सीटखाली जाऊन बसायची वाटच बघत असतात. बायपास पूर्ण बंद, पुढचा आयसोलेशन व्हॉल्व्ह पूर्ण बंद. पीआरव्हीचा लॉकनट सैल करून स्क्रू इतका बाहेर फिरवा की स्प्रिंग ढिली पडेल. मग मागचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. चौथ्या मजल्यावर मागच्या गेजवर ५.१ च्या आसपास दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर थांबा, वर कुठेतरी काहीतरी अर्धं बंद आहे.

आता ड्रेन कॉकमधून थोडं पाणी वाहू द्या आणि स्क्रू घड्याळाच्या दिशेने अर्धा फेरा आत घ्या. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये आत म्हणजे प्रेशर वाढणार, तरी बॉडीवरची खूण बघा. कॉक बंद करा, काटा स्थिर होऊ द्या, वाचा. पुन्हा कॉक उघडा, थोडं आत, कॉक बंद, वाचा. वाचायचं ते नेहमी कॉक बंद असताना. वाहत्या पाण्यावर १.८ सेट केलंत तर नळ बंद झाल्यावर ते २.२, २.३ होईल.

चुकून २.१ झालं आणि स्क्रू थोडा मागे घेतला, तर काटा हलणारच नाही. व्हॉल्व्ह खराब आहे असं समजून इथेच लोक स्क्रू आणखी मागे, आणखी मागे घेत जातात. काटा हलत नाही कारण मध्ये अडकलेल्या पाण्याला जायला वाट नाही. पीआरव्ही पुढचं पाणी मागे घेत नाही. कॉक उघडून ते पाणी सोडा. मी तर अशा वेळी स्क्रू लागतो त्याहून जास्तच मागे घेतो, प्रेशर सोडतो आणि पुन्हा खालून वर चढत १.८ ला येतो. वरून खाली येत सेट केलं तर आतल्या घर्षणामुळे आकडा नंतर थोडा सरकतो.

१.८ ला काटा थांबला की पुढचा व्हॉल्व्ह तसाच बंद ठेवून २० मिनिटं थांबा. या पायरीवर घाई नको. पीआरव्ही आणि बंद व्हॉल्व्ह यांच्यात पाणी असतं जेमतेम कपभर, त्यामुळे सीटमधून थेंबभर जरी झिरपलं तरी काटा चढताना दिसतो. चढला तर सीटवर कचरा आहे किंवा सीट गेली आहे. उघडून साफ करा, स्क्रू फिरवून ते बरं होत नाही.

काटा हलला नाही, तर पुढचा व्हॉल्व्ह सावकाश उघडून झोनची लाइन भरा, सगळ्यात वरच्या नळातून हवा जाऊ द्या. आता चौथ्या मजल्यावर आणि खाली दोन-तीन ठिकाणी नळ एकदम उघडायला सांगा आणि वाहतं असताना गेज वाचा. आकडा खाली येणारच, व्हॉल्व्ह उघडायला स्प्रिंगला सैल व्हावं लागतं. १.८ चं १.४ झालं तर बरोबर आहे. १.० च्या खाली गेलं तर स्ट्रेनर तुंबलाय किंवा व्हॉल्व्ह छोटा पडतोय. सकाळी पाणी कमी येतं म्हणून अशा वेळी स्क्रू आत घेऊ नका, कारण त्याने रात्रीचं प्रेशर वाढतं आणि आपण पुन्हा पहिल्या दुखण्यावर येतो. शेवटी लॉकनट कसा आणि व्हॉल्व्हला पत्र्याची चिठ्ठी बांधा: तारीख, मागचं प्रेशर, नळ बंद असतानाचं, वाहत असतानाचं. हे सगळं घरच्या पाण्याच्या लाइनपुरतं आहे. आगीच्या लाइनवर पीआरव्ही दिसला तर त्याच्या स्क्रूला हात लावू नका, त्याचं गणित आणि चाचणी वेगळी.

एवढं करूनही तक्रार येऊ शकते, आणि ती बहुधा एकाच शब्दांत येते: दिवसा ठीक असतं, पहाटे फवारा उडतो. म्हणजे पाणी वाहत नसताना कुठून तरी प्रेशर आत झिरपतंय. दिवसा वापर ते खाऊन टाकतो, रात्री ते साठतं. साठून कुठवर जातं हे बघा. मागच्या प्रेशरपर्यंत पोचलं तर गळती नक्की. फक्त गीझर चालू झाल्यावर चढत असेल तर ते तापून फुगलेल्या पाण्याचं काम आहे, पीआरव्हीचं नाही.

अशाच एका इमारतीत मला बोलावलं तेव्हा खालच्या झोनवर दोन बदलून तिसरा पीआरव्ही बसवलेला होता. सेटिंग १.८, पहाटे ४ वाजता गेजवर ५ च्या वर. तिथला प्लंबर वैतागला होता. “साहेब, मालच डुप्लिकेट येतोय,” म्हणाला. मी पुढचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद केला आणि आम्ही दोघं गेजसमोर बसलो. २० मिनिटांत काटा तसूभर हलला नाही. म्हणजे पीआरव्ही निर्दोष. मग तिसऱ्या मजल्याच्या एका नळावर दुसरं गेज लावलं. पीआरव्हीकडून पाणी बंद, तरी तिथे काटा चढतच होता.

अशा वेळी पहिला संशय बायपासवर घ्यायचा. गेट व्हॉल्व्हचा बायपास असला की चाक घट्ट बंद दिसतं आणि आत वाळूचा कण अडकून तो झिरपत असतो. म्हणून आम्ही त्या झोनची उतरती लाइन गच्चीवरच बंद केली आणि तिच्यातलं पाणी सोडून दिलं. आता पीआरव्ही आणि बायपास दोघांनाही मागून पाणी नाही. तरी काटा चढला! थंड पाण्याची येण्याची एकही वाट उघडी नव्हती.

प्लंबर माझ्याकडे बघायला लागला. मी विचारलं, “गरम पाण्याची लाइन कुठून येते?” ती गच्चीवरच्या गरम टाकीतून थेट उतरत होती, पीआरव्हीशिवाय. खालच्या मजल्यांवर थंड लाइनीत ३ च्या आत आणि गरम लाइनीत ६ च्या आसपास. एकेका घराचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करत गेलो. दुसऱ्या मजल्यावरचा एक बंद केला आणि काटा थबकला. त्या घरात बाथरूममधल्या मिक्सरला हाताने दाबायचा स्प्रे लावलेला होता. पाणी फक्त स्प्रेचा खटका सोडून बंद करायची त्यांना सवय, मिक्सरचे गरम-थंड दोन्ही नॉब कायम उघडे. खटका बंद, नॉब उघडे, की गरम लाइन मिक्सरमधून सरळ थंड लाइनीत शिरत होती आणि रात्रभरात अख्खा झोन फुगवत होती. त्या घरातल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “सकाळी थंड नळाला पहिलं पाणी कोमट येतं, आम्हाला वाटलं पाइप उन्हात आहे.”

मिक्सरच्या दोन्ही बाजूंना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकले, ते त्या दिवसाचं काम. खरं काम पुढच्या महिन्यात झालं: गरम लाइनीलाही त्याच मजल्यावर पीआरव्ही, गरम पाण्याला चालणाऱ्या डायफ्रामचा, आणि सेटिंग थंड लाइनीएवढंच १.८. तुमच्याकडे गरम पाणी वरून येत असेल तर हे पहिल्याच दिवशी करा. आधी काढून टाकलेले दोन पीआरव्ही अजून स्टोअरमध्ये पडून होते. मी ते धुऊन टेस्टला लावले. दोन्ही १.८ वर थांबले.